फाशी, जन्मठेप आणि नाशिकची तीन वर्षं

मुंबईत महालक्ष्मीजवळच्या बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात २२ ऑगस्ट २०१३च्या संध्याकाळी एका तरुण छायाचित्र-पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. आरोपी पाच होते, त्यांतला एक अठरा वर्षांच्या आतला. ही बातमी देशभर गेल्यावर आणखी एक तरुणी पुढे आली. ३१ जुलैला, म्हणजे तीनच आठवडे आधी, त्याच आवारात तिच्यावर असाच अत्याचार झाला होता आणि त्यातही या पाचांपैकी तिघं होते. २० मार्च २०१४ रोजी सत्र न्यायालयाने दोन्ही खटल्यांत प्रौढ आरोपींना दोषी ठरवलं. ४ एप्रिलला दोन्ही गुन्ह्यांत असलेल्या त्या तिघांना फाशी सुनावली गेली. चौथ्याला जन्मठेप झाली. अल्पवयीन मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर चाललं आणि त्याला तीन वर्षांसाठी नाशिकच्या बोर्स्टल शाळेत धाडण्यात आलं. पुढे २५ नोव्हेंबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी रद्द केली आणि त्याऐवजी नैसर्गिक मृत्यूपर्यंतची जन्मठेप दिली, तीही पॅरोल किंवा फर्लोविना.

एकाच संध्याकाळचा एकच गुन्हा. त्याच्या वाट्याला आधी फाशी, मग मरेपर्यंत तुरुंग, एकाला साधी जन्मठेप आणि एकाला तीन वर्षांची शाळा. निकाल वाचून वर्तमानपत्रांच्या वाचकांनी आपापल्या परीने राग किंवा समाधान व्यक्त केलं, पण या चारही शिक्षांमागे ‘शिक्षा का करायची’ याची वेगवेगळी उत्तरं उभी आहेत हे फारसं कुणी बोललं नाही.

नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ही उत्तरं चार चौकटींत मांडलेली असतात. पहिलं उत्तर म्हणतं, त्याने केलं म्हणून त्याला फळ मिळालं पाहिजे. दुसरं म्हणतं, इतरांना जरब बसली पाहिजे. तिसऱ्याला त्या माणसाचा बंदोबस्त हवा असतो, म्हणजे निदान तो तरी पुन्हा असं करू शकणार नाही. चौथ्याला त्याची सुधारणा हवी असते. विद्यार्थी परीक्षेत चारही बाजू लिहितात, प्रत्येकाचे दोन गुण आणि दोन दोष सांगतात आणि शेवटी चौघांचा समन्वय साधावा असं लिहून मोकळे होतात. हा समन्वय कागदावर सोपा असतो. शक्ती मिलच्या प्रकरणात तो करून पाहिला की चार उत्तरं एकमेकांना कशी खेचतात ते दिसतं.

फळ मिळालं पाहिजे, हे उत्तर सगळ्यांत जुनं आणि आजच्या शिकल्या-सवरल्या माणसाला सगळ्यांत अवघडल्यासारखं वाटणारं. त्यात सूडाचा वास येतो. पण इमॅन्युएल कान्टने १७९७मध्ये ज्या स्वरूपात ते मांडलं त्यात संतापाला जागाच नव्हती. त्याने एक बेट कल्पिलं. बेटावरचे लोक समाज मोडून जगभर पांगायचं ठरवतात. तुरुंगात एक खुनी शिल्लक आहे. त्याला फाशी देऊन कुणाला जरब बसायची नाही, कारण समाजच उरणार नाही. कुणाचं संरक्षण व्हायचं नाही. तरीही, कान्ट म्हणतो, निघण्यापूर्वी त्याला फाशी दिलीच पाहिजे, नाहीतर त्या खुनाचा वाटा सगळ्यांच्या माथी येईल. त्याच कान्टने दुसरी अटही घातली होती, आणि तिची आठवण कमी काढली जाते: कुणालाही दुसऱ्या कुणाच्या भल्यासाठी साधन म्हणून शिक्षा करायची नाही. आधी तो दोषी असला पाहिजे, मग त्यातून समाजाचा काय फायदा होतो ते बघा.

ही अट मौल्यवान आहे, कारण बाकीच्या तीन उत्तरांकडे ती आपापली अशी नाही. नुसती जरबच बसवायची असेल तर आरोपी खरा आहे की खोटा याने काय फरक पडतो? लोकांना तो खरा वाटला की झालं. विसाव्या शतकातल्या तत्त्वज्ञांनी उपयुक्ततावाद्यांना याच प्रश्नावर वारंवार पकडलं. दंगल थांबवण्यासाठी एका निरपराध माणसाला लटकवायचं का, असा तो प्रश्न. प्रामाणिक उपयुक्ततावादी ‘असं करणं दीर्घकाळात घातक ठरेल’ असं उत्तर देतो, पण ते हिशेबाचं उत्तर झालं. त्या निरपराध माणसाचा हक्क त्यात कुठेच येत नाही.

फळाच्या सिद्धांताची अडचण दुसरीकडे आहे. किती, हे तो सांगू शकत नाही. बलात्काराला चोरीपेक्षा जास्त आणि खुनापेक्षा थोडी कमी शिक्षा असावी, इतका क्रम तो लावून देतो. पण बलात्काराला दहा वर्षं की वीस की आयुष्यभर, हा आकडा ‘केल्याचं फळ’ या कल्पनेतून निघत नाही. शिक्षेच्या पट्टीवरच्या खुणांचा क्रम ठरतो, पट्टी मुळात कुठून कुठपर्यंत ठेवायची ते मात्र ज्या त्या समाजाची सवय ठरवते. म्हणून गुन्हा तोच राहूनही भारतीय दंड संहितेत सामूहिक बलात्काराची किमान शिक्षा फेब्रुवारी २०१३पर्यंत दहा वर्षं होती आणि त्यानंतर वीस झाली.

ही वाढ दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या अत्याचारानंतर आली आणि तिचं समर्थन मुख्यतः जरबेच्या भाषेत झालं. त्या वेळी नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला. बलात्काराला फाशी नको, असं समितीचं मत होतं. सरकारने काही दिवसांतच, ३ फेब्रुवारीपासून, अध्यादेशाने कायदा बदलला आणि पुन्हा बलात्कार करणाऱ्याला फाशी देता येईल असं ३७६ई हे नवं कलम घातलं. मार्चमध्ये संसदेने त्याचं विधेयक मंजूर केलं आणि एप्रिलमध्ये त्याला कायद्याचं रूप मिळालं. शक्ती मिलचे दोन्ही गुन्हे त्यानंतर घडले.

म्हणजे जरब फसली का? इतक्या घाईने तसं म्हणता येत नाही. जरब बसली म्हणून जे गुन्हे घडलेच नाहीत ते मोजता येत नाहीत, आणि जे घडले ते मात्र डोळ्यांसमोर असतात. जरबेच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे दोघेही या खड्ड्यात पडतात. अमेरिकेत फाशी आणि खुनाचं प्रमाण यांवर कित्येक दशकं आकडेमोड झाली. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२मध्ये ती सगळी तपासली आणि सांगितलं की फाशीमुळे खून कमी होतात, वाढतात की काहीच होत नाही, याबद्दल या अभ्यासांतून काहीही कळत नाही. धोरण ठरवताना ते वापरू नयेत, असंही तिने बजावलं.

जरबेबद्दल एक गोष्ट मात्र बऱ्याच खात्रीने सांगता येते आणि ती १७६४ पासून माहीत आहे. मिलानचा चेझारे बेक्कारिया त्या वर्षी सव्वीस वर्षांचा होता. त्याने लिहिलं की गुन्हेगाराला शिक्षेच्या क्रूरतेपेक्षा ती चुकणार नाही याची खात्री जास्त अडवते. शक्ती मिलचा घटनाक्रम या सूत्रावर ठेवून पाहिला तर चित्र स्वच्छ होतं. ३१ जुलैच्या गुन्ह्याची तक्रार २२ ऑगस्टपर्यंत झालेली नव्हती. त्या तीन आठवड्यांत पोलीस आले नाहीत, कुणाला अटक झाली नाही. त्या तिघांच्या दृष्टीने कायद्यातली फाशी ही छापील गोष्ट होती, आणि काही होत नाही हा ताजा अनुभव. पुढे येणाऱ्या तरुणीला पोलीस ठाण्यात निर्धास्त जाता येणं हा जरबेचाच भाग आहे. पण त्याची मागणी मोर्चात फारशी ऐकू येत नाही, कारण कलम बदलायला एक सही पुरते आणि ठाणं बदलायला वर्षं लागतात.

जेरेमी बेन्थमने १७८९मध्ये जरबेचा हिशेब आणखी बारकाईने मांडला होता. त्याच्या मते शिक्षा ही स्वतः एक वाईट गोष्ट आहे, आणि तिने जास्त मोठं वाईट टळत असेल तरच ती करावी. त्याच हिशेबातून तो सांगतो की शिक्षांमध्ये पायऱ्या ठेवा. छोट्या आणि मोठ्या गुन्ह्याला सारखीच शिक्षा असेल तर गुन्हेगाराला मोठ्यापासून थांबण्याचं कारण उरत नाही. बलात्काराला फाशी देण्याविरुद्धचा बिनतोड युक्तिवाद हाच आहे: खून केला तरी फाशी आणि नाही केला तरी फाशी असेल, तर पीडिता जिवंत साक्षीदार म्हणून उरते. गुन्हेगार असा हिशेब करतोच असं नाही. पण तो हिशेब करत नाही असं धरलं, तर जरबेचा सगळा डोलाराच कोसळतो.

आता फाशीच्या कलमाकडे नीट बघायला हवं, कारण तत्त्वज्ञानाचा खरा गुंता तिथे आहे. कलम ३७६ई त्या माणसासाठी आहे ज्याला अशा गुन्ह्यासाठी आधी दोषी ठरवलं गेलं आणि नंतर पुन्हा दोषी ठरवलं गेलं. शक्ती मिलच्या तिघांना दोन्ही गुन्ह्यांत एकाच दिवशी दोषी ठरवण्यात आलं. मग सरकारी पक्षाने या कलमाचा आरोप वाढवला आणि त्यावर फाशी झाली. जून २०१९मध्ये उच्च न्यायालयाने हे कलम घटनेला धरून आहे असा निर्वाळाही दिला. कायद्याचा कीस वकिलांनी पाडावा. पण पुन्हा गुन्हा करणाऱ्याला जास्त शिक्षा का, हा प्रश्न चार उत्तरांना विचारला की चार वेगळे जबाब येतात.

फळाचा सिद्धांत इथे गोंधळतो. पहिल्या गुन्ह्याचं फळ पहिल्या गुन्ह्यात मिळालं, दुसऱ्याचं दुसऱ्यात. वरचा बोजा कशाचा? यावर एक सावरून घेणारं उत्तर असं की एकदा समाजाने तोंडावर ‘हे चूक आहे’ असं सांगूनही त्याने तेच केलं, म्हणून त्याचा दोष वाढला. पण हे उत्तर लागू व्हायला मधे ते सांगणं घडलेलं हवं. ऑगस्टच्या त्या संध्याकाळी या तिघांना अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं. जरबेचंही तेच. शिक्षा भोगूनही जो बधला नाही त्याला जास्त कडक शिक्षा, हा तर्क समजतो, पण इथे पहिली शिक्षा भोगायचीच होती. सुधारणेचं म्हणाल, तर सुधारायची संधी मिळूनही जो सुधारला नाही त्याची आशा सोडा असं ती म्हणेल, आणि संधी अजून मिळायची होती. चौघांपैकी एकच उत्तर न अडखळता पुढे येतं, ते बंदोबस्ताचं. तीन आठवड्यांत दोनदा, त्याच जागी, त्याच पद्धतीने. ही माणसं धोकादायक आहेत हे कळायला मधल्या शिक्षेची गरज नाही. म्हणजे फाशी ज्या कलमावर झाली ते या प्रकरणात बंदोबस्ताच्या तर्कावर उभं राहिलं होतं, भाषा फळाची आणि जरबेची असली तरी.

बंदोबस्त सरळ वाटतो. तुरुंगात असलेला माणूस रस्त्यावर गुन्हा करू शकत नाही, हे अंकगणित कुणालाही पटेल. अडचण भविष्य सांगण्यात आहे. समजा शंभर कैदी सुटणार आहेत आणि त्यांतले दहा पुन्हा गंभीर गुन्हा करतील. ते ओळखायला दर शंभरात ऐंशी वेळा बरोबर येणारी चाचणी आपल्याकडे आहे. ती दहांपैकी आठ पकडेल. पण उरलेल्या नव्वद निरुपद्रवी माणसांपैकी अठरांनाही ती धोकादायक ठरवेल. सव्वीस जण आत राहिले, त्यांतले अठरा विनाकारण. आणि ही चूक कधीच उघडकीला येत नाही. सोडलेल्याने गुन्हा केला तर दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर येतं. आत ठेवलेल्याने तो केला नसता, हे सिद्ध करायची सोय त्याला नसते. त्यामुळे हा सिद्धांत चालवणाऱ्या यंत्रणेला प्रत्येक अनुभव एकच धडा देतो की अजून जास्त जणांना आत ठेवा.

कॅलिफोर्नियाने १९९४मध्ये तिसऱ्या गंभीर गुन्ह्याला पंचवीस वर्षं ते जन्मठेप असा कायदा केला तेव्हा हेच घडलं. गॅरी युइंग नावाच्या, आधीचे बरेच गुन्हे नावावर असलेल्या माणसाने दुकानातून गोल्फच्या तीन काठ्या चोरल्या, प्रत्येकी ३९९ डॉलरच्या. शिक्षा पंचवीस वर्षं ते जन्मठेप. २००३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती कायम ठेवली. चोरीचं फळ म्हणून ही शिक्षा कुणालाच सांगता आली नसती. ती त्या माणसाच्या उरलेल्या आयुष्याबद्दलचा अंदाज होती, आणि माणूस वयाबरोबर गुन्ह्यापासून दूर जातो या गुन्हेशास्त्रातल्या भक्कम निरीक्षणाचीही त्यात दखल नव्हती.

सुधारणेचा सिद्धांत सगळ्यांत दयाळू, असा समज आहे. शक्ती मिलच्या प्रकरणात तो एकट्याने राज्य करतो ते नाशिकमध्ये. बाल न्यायाच्या तेव्हाच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता येत होतं, गुन्हा कोणताही असो. त्याच्या हातून काय घडलं यापेक्षा तो अजून घडतो आहे, याला कायद्याने महत्त्व दिलं होतं. पुष्कळांना हे संतापजनक वाटलं. २०१५चा नवा कायदा आला आणि जानेवारी २०१६पासून सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट मोकळी झाली. तरीही त्या कायद्याने एक रेघ ओढून ठेवली आहे: अशा मुलाला फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही.

दयाळूपणाचा हा समज मात्र तपासून घ्यावा लागतो. सी. एस. लुईसने १९४९मध्ये एका निबंधात दाखवून दिलं की शिक्षेला उपचार म्हटलं की तिची मुदत संपते. फळाला माप असतं, उपचार बरं होईपर्यंत चालतो, आणि बरं झालं की नाही ते डॉक्टर ठरवतो. ही नुसती तर्काची कसरत नव्हती. जॉर्ज जॅक्सन या तरुणाला कॅलिफोर्नियात सत्तर डॉलरच्या लुटीबद्दल ‘एक वर्ष ते जन्मठेप’ अशी शिक्षा झाली होती, म्हणजे पॅरोल मंडळाला तो सुधारलेला वाटेपर्यंत. तो बाहेर आलाच नाही. १९७१मध्ये तुरुंगातच गोळी लागून मेला. त्यानंतर तीन वर्षांनी रॉबर्ट मार्टिन्सन या समाजशास्त्रज्ञाने सुधारणेच्या कार्यक्रमांचा आढावा घेऊन फारसं काही उपयोगी पडत नाही असा सूर लावला आणि अमेरिकेतल्या डाव्या-उजव्या दोघांनीही तो आनंदाने उचलला. १९७९मध्ये मार्टिन्सनने स्वतःच ते मत बरंच मागे घेतलं. काही कार्यक्रमांचा काही माणसांवर परिणाम होतो, असं तो म्हणाला. हे कुणाच्या कानावर गेलं नाही.

आता २०२१चा निकाल. उच्च न्यायालयाने फाशी रद्द करताना दिलेलं कारण विलक्षण आहे. मृत्यू पश्चात्तापाची कल्पनाच संपवतो, म्हणून या तिघांनी आयुष्यभर सश्रम कारावासात राहून पश्चात्ताप करावा, असं न्यायालयाने म्हटलं. लोकक्षोभाने न्यायालयाने वाहून जाऊ नये, असंही बजावलं. पण त्याच निकालात न्यायालयाला त्यांच्या सुधारणेला वाव दिसत नाही आणि समाजात परत मिसळण्याचा हक्क त्यांना नाही, म्हणून पॅरोल, फर्लो दोन्ही बंद.

पश्चात्ताप करू शकणारा माणूस सुधारू शकत नाही, हे कसं? पश्चात्ताप म्हणजे नुसतं दुःख नव्हे. आपण चुकलो हे स्वतःहून ओळखून वेगळं व्हायचं, असा त्याचा अर्थ घेतला तर सुधारणा त्याच्या पोटातच आहे. स्कॉटलंडमध्ये शिकवणारा तत्त्वज्ञ अँटनी डफ याने याच कल्पनेवर शिक्षेचा आख्खा सिद्धांत उभारला आहे. शिक्षा ही समाजाने गुन्हेगाराशी केलेली बोलणी आहेत, आणि ती भोगणं हे लौकिक अर्थाने प्रायश्चित्त आहे, असं तो मांडतो. पण डफच्या मांडणीत प्रायश्चित्ताच्या शेवटी दार असतं, कारण परत घ्यायचंच नसेल तर बोलायचं कशाला? उच्च न्यायालयाने प्रायश्चित्त ठेवलं आणि दार बंद केलं. त्यामुळे निकालाची भाषा डफची आणि परिणाम मात्र बंदोबस्ताचा झाला. तो परिणाम चुकीचाच होता असं यातून ठरत नाही. एवढंच दिसतं की त्याचं खरं कारण निकालात पश्चात्तापाच्या आड गेलं.

या गुंत्यातून वाट काढणारा विचार ऑक्सफर्डच्या एच. एल. ए. हार्टने १९५९मध्ये मांडला. शिक्षेबद्दल एक प्रश्न नसतो, त्याने म्हटलं. शिक्षेची यंत्रणा मुळात का ठेवायची, शिक्षा कुणाला करायची आणि किती करायची, हे वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या सिद्धांतांतून यायला हरकत नाही. यंत्रणा समाजाच्या रक्षणासाठी ठेवा, पण शिक्षा दोषीलाच करा. नॉर्व्हल मॉरिसने ‘किती’ या प्रश्नाला पुढे नेलं: केल्याचं फळ हे कमाल मर्यादा मानावं. त्या मर्यादेच्या आत धोका, जरब, सुधारणेची शक्यता यांवरून कमी-जास्त करावं, पण धोका मोठा वाटतो म्हणून मर्यादा ओलांडू नये.

या मापाने पाहिलं तर शक्ती मिलच्या निकालातला अवघड भाग स्पष्ट होतो. सामूहिक बलात्काराच्या साध्या कलमातही उरलेल्या आयुष्यभराची जन्मठेप देता येते. दोन अत्याचारांनंतर ती शिक्षा फळाच्या मर्यादेबाहेर आहे असं म्हणायला फार धीर लागेल. मर्यादेच्या आत तिला बंदोबस्ताचं कारणही आहे. पण वीस-पंचवीस वर्षांनी, माणूस पन्नाशीला आल्यावर, धोक्याचा अंदाज पुन्हा कुणीच तपासायचा नाही, ही अट त्या कारणातून निघत नाही. धोक्याच्या नावावर ठेवलेल्या माणसाचा धोका अधूनमधून मोजावा लागतो. आणि तो मोजायचा नसेल, तर त्याला फळ म्हणून आत ठेवलं आहे असं निकालात सरळ लिहावं लागतं.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४पासून लागू झाली. तिच्या कलम ४ मध्ये समाजसेवा ही नवी शिक्षा किरकोळ गुन्ह्यांसाठी आली आहे. ३७६ई तिथे कलम ७१ म्हणून आलं आहे: आधी दोषी ठरलेला, नंतर पुन्हा दोषी ठरलेला, शिक्षा मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशी. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्यामध्ये त्या माणसाला एकदा तरी शिक्षा झालेली असावी की नाही, याबद्दल नव्या कलमातही शब्द नाही.